नंबर नसला तरी चष्मा: एकच डोळा चांगला असलेल्यांसाठी

माझे मामा निफाड तालुक्यातले द्राक्षबागायतदार. वय ४६. लहानपणी विटी लागून त्यांचा डावा डोळा गेला. आता त्या डोळ्यासमोर हात हलवला तर काहीतरी हललं एवढंच त्यांना कळतं. उजवा मात्र ६/६, नंबर शून्य. मी नाशकात डोळे तपासून चष्मे बनवून देण्याचं काम करते, त्यामुळे घरातलं कुणीही भेटलं की आधी त्याच्या चष्म्याकडे माझं लक्ष जातं. मामांचा विषय निघाला की ते दर वेळी एकच बोलायचे, "अगं, नंबरच नाही तर चष्मा कशाला? उगाच नाकावर ओझं."

एका एप्रिलमध्ये खरड छाटणी चालू होती. तारेत अडकलेली कापलेली काडी ते ओढत होते. ती एकदम सुटली आणि सपकन उजव्या डोळ्यावर बसली. बुबुळाच्या वरच्या पापुद्र्याला ओरखडा गेला. म्हटलं तर किरकोळ जखम, दोन-तीन दिवसांत भरून येणारी. पण अशा ओरखड्यात वेदना इतकी असते, डोळा इतका गळतो की पापणी उघडवत नाही. दुसऱ्या माणसाने दुसऱ्या डोळ्यावर दोन दिवस काढले असते. मामांना दुसरा डोळा नव्हताच. मामी त्यांना हाताला धरून मोरीपर्यंत नेत होत्या. त्यानंतर चष्म्याला नाही म्हणायचं त्यांनी सोडलं, पण तो घेताना जे जे चुकलं त्यातूनच हा लेख झाला आहे.

आपण या गटात येतो का, ते आधी पाहा

'एकडोळ्या' म्हणण्यासाठी एक डोळा पूर्ण गेलेला असावा लागत नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात साधा निकष असा आहे: कमजोर डोळ्याला योग्य नंबर लावूनही तक्त्यावर ६/१२ ची ओळ वाचता येत नसेल, तर त्या माणसाला एकाच डोळ्याचा समजून जपायचं. याचा अर्थ लहानपणी आळशी राहिलेला डोळा, बुबुळावर फूल पडलेला डोळा, काचबिंदूने किंवा पडद्याच्या आजाराने अधू झालेला डोळा, हे सगळे यात आले.

घरी अंदाज घ्यायचा असेल तर चांगल्या डोळ्यावर तळहात नीट झाका आणि नेहमीचा चष्मा लावून घरात वावरा, वर्तमानपत्र उघडा, खिडकीतून रस्त्यावरच्या पाट्या पाहा. "या एकाच डोळ्यावर माझं आजचं काम, माझी गाडी, माझा हिशेब चालेल का?" असं स्वतःला विचारा. उत्तर नाही असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. आळशी डोळ्याचे कितीतरी लोक चाळिशीपर्यंत हे ध्यानातच घेत नाहीत, कारण चांगला डोळा सगळं सांभाळून नेत असतो.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. एका डोळ्याच्या माणसाला इजा होण्याची शक्यताही थोडी जास्तच असते. दोन डोळ्यांमुळे जवळच्या वस्तूच्या अंतराचा जो नेमका अंदाज येतो, तो त्याला येत नाही. सरळ आपल्या रोखाने आलेलं तारेचं टोक किंवा काडी एका डोळ्याला फक्त ठिपक्यासारखी दिसते. शिवाय अधू बाजूने काय येतंय ते उशिरा कळतं. मामांना डाव्या बाजूने आलेली फांदी दिसत नाही. ती गालाला लागली की ते दचकून मान वळवतात, आणि वळवताना चांगला डोळाच तिच्यासमोर आणतात.

पॉलीकार्बोनेटच का

बोलताना आपण सगळ्यालाच 'काच' म्हणतो, पण आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक काचा प्लास्टिकच्या असतात. गावाकडे त्यांना 'फायबर' म्हणतात. साधं फायबर काचेपेक्षा बरं, पण जोराचा तडाखा बसला तर त्याचेही धारदार तुकडे होतात, आणि ते तुकडे डोळ्याच्या दिशेनेच जातात. पॉलीकार्बोनेट वेगळ्या जातीचं आहे. मार बसला की ते तडकण्याऐवजी आधी वाकतं आणि धक्का स्वतःत जिरवतं. हेल्मेटची पुढची पारदर्शक काच याच मालाची असते.

नेहमीच्या चष्म्याच्या काचेची चाचणी कशी असते? सुमारे १६ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी १२७ सेंटिमीटर उंचीवरून तिच्यावर सोडतात. कारखान्यातल्या कडक दर्जाच्या सुरक्षा-चष्म्यावर सुमारे ६ मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने, म्हणजे ताशी १६० किलोमीटरहून जास्त वेगाने मारतात. पुरेशा जाडीचं पॉलीकार्बोनेट हा मार सोसतं. छाटणीची काडी, गाडीवर समोरून येणारा खडा, लेकराच्या हातातलं खेळणं, वर उडालेलं बाटलीचं झाकण, रोजच्या आयुष्यातल्या अशा तडाख्यांपुढे ते भरवशाचं आहे.

त्याचे दोन दोष आहेत. ते मऊ असल्याने ओरखडे लवकर पडतात, म्हणून त्यावर कडक थर असावाच लागतो. दुसरं, मोठा नंबर असेल तर काचेच्या कडेने पाहताना अक्षरांभोवती हलकी रंगीत किनार दिसते. नंबर शून्य किंवा लहान असेल तर ती जाणवत नाही. मोठा नंबर असून या किनारीचा खरोखर त्रास होत असेल, तर ट्रायव्हेक्स नावाचा दुसरा दणकट माल आहे. तो नजरेला अधिक स्वच्छ असतो, पण सगळीकडे मिळत नाही आणि किंचित जाड पडतो. एक फायदाही सांगून ठेवते: पॉलीकार्बोनेट अतिनील किरण स्वतःच अडवतं. त्यासाठी वेगळं 'यूव्ही कोटिंग' म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

ऑर्डर देताना तीन गोष्टी लिहून घ्या

मामांनी पहिला चष्मा मला न विचारता घेतला. दुकानदार म्हणाला, "अनब्रेकेबल देतो, ब्लूकट देतो." मामा खूश. चष्मा माझ्या हातात आला आणि मला शंका आली. बिलावर 'अनब्रेकेबल' एवढंच होतं, माल कोणता ते कुठेच नाही. 'अनब्रेकेबल' हे मालाचं नाव नाही. खऱ्या काचेच्या तुलनेत फुटत नाही, एवढ्याच अर्थाने हा शब्द साध्या फायबरलाही लावतात. ब्लूकटच्या स्वस्त काचा बहुधा १.५६ च्या असतात. रोजच्या वापराला त्या वाईट नाहीत, पण मार सोसण्यात पॉलीकार्बोनेटच्या जवळपासही येत नाहीत.

म्हणून पहिली गोष्ट: बिलावर 'पॉलीकार्बोनेट, १.५९' असं लिहून घ्या. १.५९ हा त्या मालाचा अपवर्तनांक आहे. १.५६, १.६० किंवा १.६७ लिहिलं असेल तर ते पॉलीकार्बोनेट नव्हे. १.६० आणि १.५९ हे आकडे जवळचे असल्याने इथे गफलत सहज होते. काच ज्या कागदी पाकिटातून येते त्यावर माल आणि नंबर छापलेला असतो. ते पाकीट मागून घ्या आणि बिलासोबत ठेवा. चांगला दुकानदार लगेच देतो.

दुसरी गोष्ट जाडी, आणि ती जवळजवळ कुणीच विचारत नाही. पॉलीकार्बोनेट दणकट असल्यामुळेच कारखाने ते पातळ करून विकतात. मायनस नंबरच्या काचेचा मध्य दीड, कधी एक मिलिमीटरही असतो. दिसायला छान, पण जोराच्या तडाख्यात पातळ काच इतकी वाकते की फ्रेममधून निसटून आत येते. एकाच डोळ्यावर असलेल्या माणसाने मध्यभागी किमान २ मिलिमीटर जाडी सांगावी. तयार स्टॉकमधल्या काचेत ती मिळेलच असं नाही, त्यामुळे खास ऑर्डर द्यावी लागते आणि काही दिवस थांबावं लागतं. चष्मा आला की दुकानातच जाडी मोजण्याचं कॅलिपर असतं, ते लावून दाखवा म्हणा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

तिसरी गोष्ट, दोन्ही काचा त्याच मालाच्या आणि त्याच जाडीच्या. "त्या डोळ्याला दिसतच नाही, तिथे साधी काच टाकू" असं म्हणत पैसे वाचवायला जाऊ नका. साधी काच त्या बाजूला फुटली तर तुकडे नाकावरून चांगल्या डोळ्याकडेही येतात, आणि अधू डोळ्यात उरलेली थोडी नजरसुद्धा अंधारात चालताना कामाची असते. जाडी वेगळी असली तर चष्मा एका बाजूला घसरतो. अधू बाजूला नुसती जोडीला जोड म्हणून जी काच बसवतात तिला आम्ही बॅलन्स काच म्हणतो. तीही पॉलीकार्बोनेटची हवी.

फ्रेम

काच कितीही दणकट असली तरी ती धरून ठेवणारी चौकट कुचकामी असेल तर काय उपयोग? तडाखा बसला की काच मागे सरकू पाहते. ती अडवायला फ्रेमच्या खाचेची मागची कड उंच हवी. म्हणून पूर्ण कड असलेली प्लास्टिकची किंवा नायलॉन प्रकारची फ्रेम घ्या. खालून नुसती दोरी असलेली अर्धी फ्रेम नको, आणि बिनफ्रेमची तर मुळीच नको. बिनफ्रेमच्या चष्म्यात काचेला भोकं पाडतात, आणि पॉलीकार्बोनेटला त्या भोकांपासून केसासारख्या चिरा जायला लागतात.

मऊ रबरी नाकपॅड धातूच्या तारांवर बसवलेले असतील तर समोरून ठोसा बसल्यावर ती तारच टोचते. नाकाचा भाग फ्रेममध्येच घडवलेला असेल तर बरं. आकार एवढा हवा की भुवईपासून गालाच्या हाडापर्यंतचा भाग झाकला जाईल. सध्याच्या छोट्या अंडाकृती फ्रेमा दिसायला झकास, पण वरून येणारी काडी त्यांना टाळून सरळ आत जाते. चष्मा घालून आरशात बाजूने पाहा. भुवई आणि फ्रेमच्या मधून करंगळी सहज जात असेल तर फ्रेम चेहऱ्याला नीट बसलेली नाही.

घरी खात्री कशी करायची

मामांचा तो पहिला चष्मा मी त्यांच्या डोळ्यांदेखत तपासला. ही युक्ती कुणालाही जमते. घरात पोलराइज्ड गॉगल असावा, म्हणजे मान तिरकी केली की लॅपटॉपचा पडदा काळा पडतो तसा. लॅपटॉपवर पूर्ण पांढरं पान उघडा. गॉगल डोळ्यासमोर धरून पडदा काळाकुट्ट होईपर्यंत फिरवा. आता चष्म्याची काच पडदा आणि गॉगल यांच्यामध्ये धरा.

पॉलीकार्बोनेट असेल तर काळ्यावर रंगीत पट्टे उमटतात, पाण्यावर सांडलेल्या तेलासारखे, आणि बहुधा एका कडेला दाट. ही काच वितळवलेला माल साच्यात दाबून भरून तयार होते. थंड होताना तो ताण आत गोठून राहतो, त्याचे हे रंग. साधं फायबर किंवा १.५६ ची काच जवळजवळ काळीच राहते. फार तर फ्रेमने जिथे आवळलं असेल तिथे कडेला पांढरट उजेड दिसतो. मामांची काच काळी राहिली. ते म्हणाले, "म्हणजे फसवलं?" मी म्हटलं, "मामा, फसवलं असं नाही. तुम्ही मागितलंच नाही, आणि त्याने सांगितलं नाही."

या युक्तीला मर्यादा आहेत. ट्रायव्हेक्सही असाच काळा राहतो, आणि रंग दिसले तरी जाडी कळत नाही. पण "पॉलीकार्बोनेट दिलंय" म्हणून पैसे घेतले असतील आणि काच काळी राहत असेल, तर बिल आणि पाकीट घेऊन परत जायला हरकत नाही. याच तपासणीत फ्रेमच्या कडेने एखाद्या जागी दाट रंगांची गर्दी दिसली तर समजा की काच जास्त आवळून बसवली आहे. तिथूनच पुढे चीर जाते. ती सैल करून परत बसवायला सांगा.

मामांची शेवटची मांडणी: दोन चष्मे

शेवटी मामांना दोन चष्मे लागले, आणि याचं कारण बागेच्या कामात आहे. वयाच्या ४६ व्या वर्षी वाचायला +१.२५ लागत होता. घरासाठी आम्ही बायफोकल केला: उजवीकडे वर शून्य, खाली +१.२५, डावीकडे बॅलन्स, दोन्ही पॉलीकार्बोनेट, मध्य २ मिलिमीटर, पूर्ण कडेची फ्रेम. बाजारातला तयार वाचनचष्मा का नको? कारण वाचून झालं की माणूस तो काढतो, आणि डोळा उघडा पडतो. बायफोकल सकाळी चढवला की रात्री झोपतानाच उतरतो. बाकी तपशील चुकले तरी चालतील, ही सवय चुकता कामा नये. डोळ्याला लागतं ते बहुधा 'एवढं एकच तर काम आहे' म्हणून चष्मा काढून ठेवला असतानाच.

पण बागेत बायफोकल चालेना. वाचायचा भाग असतो खाली, आणि द्राक्षाचे घड असतात डोक्याच्या वर. विरळणी करताना मान वर केली की खालचा भाग कामाचाच राहत नाही. उलट बांधावरून चालताना पायाखालची जमीन त्यातून धूसर दिसते, आणि एका डोळ्याच्या माणसाला ठेच लागायला तेवढं पुरतं. म्हणून बागेसाठी शून्य नंबरचा, बाजूंना आड असलेला तयार सुरक्षा-चष्मा घेतला. कारखान्याला सुरक्षा सामान पुरवणाऱ्या दुकानांत असे चष्मे मिळतात आणि ऑर्डरच्या चष्म्यापेक्षा बरेच स्वस्त पडतात. घेताना चष्म्याच्या दांडीवर किंवा काचेच्या कोपऱ्यात 'झेड ८७ प्लस' किंवा युरोपीय 'ईएन १६६' च्या पुढे 'एफ' अशी खूण शोधा. यातला 'प्लस' महत्त्वाचा, कारण वर सांगितलेला वेगवान गोळीचा मार सोसल्याची ती निशाणी आहे. नुसतं 'सेफ्टी' लिहिलेलं धरू नका.

ज्यांना लांबचा नंबर आहे त्यांचं असं भागत नाही. त्यांनी नंबरच्या चष्म्यावरून घालता येणारा मोठा सुरक्षा-चष्मा घ्यावा, किंवा बाजूचे आड लावता येणाऱ्या फ्रेममध्ये नंबर बनवून घ्यावा.

चष्मा काढायला लावणारी बागेतली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वाफ. थंडीत सकाळी तोंडावर रुमाल बांधला की श्वासाने काचा धुरकटतात आणि माणूस वैतागून चष्मा खिशात टाकतो. रुमालाची वरची कड नाकावर घट्ट दाबून बांधली तर श्वास खालून जातो आणि निम्मा त्रास संपतो. वाफ न धरणाऱ्या थराचे सुरक्षा-चष्मेही मिळतात. मामांना आम्ही तोच दिला.

जिथे हा चष्मा पुरत नाही

पातळ पदार्थ चष्म्याच्या कडेने आत जातो. बोर्डो मिश्रण कालवताना चुना उडतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर कोंब फुटण्यासाठी काड्यांना लावतात ते हायड्रोजन सायनामाइड डोळ्याला फार जहाल आहे. अशा कामाला चारी बाजूंनी चेहऱ्याला चिकटणारा, छिद्रांना आडोसा असलेला बंद गॉगल हवा. चुन्याची भीती शेताबाहेरही आहे. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब दाबताना फुटून लेकराच्या डोळ्यात चुना जातो, आणि चुना आम्लापेक्षाही वाईट, कारण तो आत खोल शिरत राहतो. असं झालं तर आधी नळाखाली पापणी उघडी धरून किमान अर्धा तास स्वच्छ पाण्याने धुवा, चुन्याचे कण पापणीखाली अडकले असतील तर ओल्या कापसाने काढा, आणि मगच दवाखान्याकडे निघा. आधी दवाखाना शोधत बसलात तर वाटेतच डोळा जातो.

ग्राइंडर आणि छिन्नी-हातोड्याच्या कामाला चष्म्यावरून तोंड झाकणारी पारदर्शक ढालही लागते. सातपूर-अंबडला लेथवर, वेल्डिंगवर काम करणारे एकडोळे कामगार माझ्याकडे येतात. त्यांना मी नेहमी विचारते की धातूवर धातू आपटण्याचं काम तुमच्याकडे असतं का. छिन्नीच्या डोक्यावरून उडालेला कण इतका बारीक आणि इतका वेगवान असतो की तो डोळ्यात शिरल्याचं कधी कधी लगेच कळतही नाही, फक्त 'काहीतरी टोचलं' वाटतं. अशा वेळी डोळा चोळू नका, दाबू नका. कागदी कपासारखं काहीतरी डोळ्याला न टेकवता वरून धरा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

संक्रांतीत नायलॉन मांजा गळ्याइतकाच डोळ्यावरही येतो. गाडीवर हेल्मेटची काच खाली ओढलेली असू द्या, आतला चष्मा वेगळा. दिवाळीत सुतळी बॉम्ब 'फुटला नाही' म्हणून वाकून पाहायला जाणाऱ्या माणसाला कोणताच चष्मा वाचवत नाही. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे आमच्या नाशकातल्या रंगाच्या पाण्याच्या हौदात, उडी मारायची हौस असेल तर एका डोळ्याच्या माणसाने ती काठावरून पाहण्यात भागवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पाण्याच्या दणक्यात चष्मा राहत नाही, आणि त्या गर्दीत कोपर कुणाचं कुठे लागेल ते सांगता येत नाही.

मुलांचं थोडक्यात. आळशी डोळ्यासाठी पट्टी लावणाऱ्या मुलाचा चष्मा पहिल्या दिवसापासून पॉलीकार्बोनेटचा करा, मागे लवचीक पट्टा लावा. पण रोजचा चष्मा म्हणजे खेळाचा चष्मा नव्हे. सीझनच्या चेंडूने खेळायला जाळीचं हेल्मेट लागतं, बॅडमिंटनला खेळासाठीच बनवलेली, पट्ट्याची जाड चौकट. बॉक्सिंग अशा मुलाला देऊ नये.

जपणूक आणि बदलण्याची वेळ

बागेतून आल्यावर सदऱ्याच्या टोकाने काच पुसणं म्हणजे तिच्यावर वाळू घासणं. आधी नळाखाली धरून धूळ वाहून जाऊ द्या, मग बोटावर साबणाचा थेंब घेऊन दोन्ही बाजू धुवा आणि मऊ सुती कपड्याने टिपा. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं द्रव यांचा हात पॉलीकार्बोनेटला लागू देऊ नका. त्याने काच पांढरट होते, चिरा पडतात आणि ताकद जाते. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा ठेवला तर काही दिवसांत वरच्या थराला जाळीसारखे तडे जातात.

महिन्यातून एकदा उजेडाकडे काच तिरकी धरून कडा पाहा. फ्रेमजवळ एखादी बारीक चीर, मध्ये खोल ओरखडा किंवा थर उखडलेला दिसला तर काच बदला, नजर स्वच्छ असली तरी. ओरखडा ही तडा जायची सुरुवातीची जागा असते. आणि एकदा मोठा तडाखा खाल्लेली काच वरून ठीक दिसली तरी पुन्हा भरवशाची राहत नाही. मामांच्या बागेतल्या चष्म्यावर पुढच्या छाटणीत तारेचं टोक आपटलं, काचेवर बारीक खोच पडली. "एवढंच तर आहे" म्हणत ते तोच वापरणार होते. मी तो कात्रीने दोन तुकडे करून टाकला आणि नवा दिला. ते दोन दिवस रुसले होते.

तरीही लागलंच तर

काडी, पान, भाताचं तूस, उसाचं पातं असलं काही डोळ्याला लागलं असेल तर त्या जखमेत बुरशी शिरण्याचा धोका असतो, आणि बुरशीची जखम सुरुवातीला साध्या लालीसारखीच दिसते. मामांना लागलं त्या संध्याकाळी शेजारच्यांनी औषधाच्या दुकानातून 'सगळ्यांना चालतात' असे थेंब आणले होते. मी फोनवर त्यावरची औषधाची नावं वाचून घेतली. त्यात स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडने लाली आणि दुखणं लगेच ओसरतं, माणसाला बरं वाटतं, आणि आत बुरशीला रान मोकळं मिळतं. चार-पाच दिवसांनी बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. नावात डेक्सा, प्रेड किंवा बीटा असं काही असेल तर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय ते थेंब डोळ्यात घालू नका. हळद, मध, तूप, बाळंतिणीचं दूध हेही नको.

दवाखान्यात डॉक्टर डोळ्यात पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात पाहतात. जिथे ओरखडा असेल तिथे हिरवं चमकतं. तपासणीच्या सुरुवातीलाच "मला हाच डोळा आहे" हे तुम्ही स्वतःहून सांगा. रांगेत तुमचा नंबर पुढे येतो, आणि दुसऱ्याला आठ दिवसांनी बोलावतील तिथे तुम्हाला उद्याच बोलावतात. डोळ्यासमोर एकदम काळे ठिपके उडू लागले, विजेसारखे उजेड दिसू लागले, कडेने पडदा ओढल्यासारखं वाटलं किंवा दुखून लाल झालेला डोळा धूसर दिसू लागला, तर मार लागलेला असो वा नसो, त्याच दिवशी जा.

मामांच्या चष्म्याचं बिल आणि काचेचं पाकीट आता त्यांच्या सातबाऱ्याच्या पिशवीत असतं. मागच्या महिन्यात बायफोकलचा नंबर वाढवायला ते आले, तेव्हा दुकानातल्या नव्या मुलाला त्यांनीच विचारलं, "मधली जाडी किती ठेवणार?"